करडईच्या तेलाची तरंगती बाटली: बाहेरची तंगूस खोडली, तेलातली रेघ कशी काढायची?

घाणा_उदगीर

नमस्कार मंडळी. उदगीरजवळ आमचा लाकडी घाणा आहे. करडईचं तेल आता अर्ध्या लिटरच्या काचेच्या बाटलीत विकायलोय. त्यासाठी हवेत तिरक्या तरंगणाऱ्या बाटलीचा फोटो पाहिजे. मागे फिकट पिवळी कार्डशीट लावली, वरून एक दांडी आडवी टाकली आणि मासे धरायला वापरतात ती तंगूस घेऊन बाटली टांगली. एक वेढा झाकणाखाली मानेला, दुसरा बुडापाशी, आणि दोन्हींची टोकं दांडीवरच्या एकाच खिळ्याला. बाटली पाहिजे तशी तिरकी राहिली.

फोटोशॉपमध्ये स्पॉट हीलिंग ब्रशनं तंगूस खोडली, पण तीन गोष्टी खटकायल्यात. कार्डशीटवर तंगुशीच्या जागी फिकट पट्टा राहिलाय. मोबाईलवर कळत नाही, लॅपटॉपवर कळतो. दुसरं म्हणजे, बाटलीच्या खांद्याजवळ ब्रश नेला की काचेची गडद कड कार्डशीटवर फासल्यासारखी होते. तिसरी गोष्ट मला उलगडतच नाही. तेलाच्या आत खालच्या बाजूला एक रेघ आहे. ती तंगुशीपेक्षा बरीच जाड आणि जास्त तिरकी आहे, आणि बाहेरच्या तंगुशीला जुळत नाही. तिथं ब्रश फिरवला की तेलाचा रंगच डागाळतो. ही रेघ आली कुठून आणि काढायची कशी?

एकाच_क्लिकचा

दादा, दोरा खोडत बसायचं कामच नाही. बॅकग्राउंड रिमूव्ह करा, बाटली कापून घ्या आणि कोऱ्या पिवळ्या रंगावर ठेवा. बॅकग्राउंड गेलं की त्याच्यासोबत दोराही गेला. मी आमच्या मसाल्याच्या डब्यांचे सगळे फोटो असेच करतो.

गळवाला_पैठण

नाथसागरावर गळ टाकणारा माणूस आहे, म्हणून तंगुशीचं सांगतो. तुम्ही साधी नायलॉनची घेतली असेल. फ्लुरोकार्बनची घ्या, ती माशाला पाण्यात दिसत नाही. माशाला दिसत नाही तर कॅमेऱ्याला तरी काय दिसणार? जाडी ०.२५ मिलिमीटर पुरे, अर्ध्या लिटरची भरलेली बाटली सहज पेलते. गाठ आवळताना ती ओली करून घ्या. कोरडी आवळली तर घासून तापते आणि तिथूनच तुटते.

मांजराकाठ

लातूरला कॅटलॉगची फोटोग्राफी करते, काचेच्या बाटल्यांचं काम बरंच येतं.

गळवाला भाऊ, गाठीचं तुमचं अगदी खरं आहे आणि ०.२५ ची जाडीही बरोबर. पण फ्लुरोकार्बन पाण्यात लपते त्याचं कारण पाण्यातच आहे. तिचा अपवर्तनांक साधारण १.४२, पाण्याचा १.३३, म्हणजे दोन्ही जवळजवळ. त्यामुळे प्रकाश तिच्यातून जाताना फारसा वळत नाही. हवेचा अपवर्तनांक १. तिथं नायलॉन काय आणि फ्लुरोकार्बन काय, दोन्ही दिव्याखाली चमकतात. उलट पारदर्शक तंगुशीचा एक त्रास असतो, ती सारखी दिसत नाही. जिथं दिव्याचा कोन बसतो तिथं पांढरी, जिथं बसत नाही तिथं गडद. खोडताना ते जास्त नडतं.

आता घाणावाले दादा, तेलातली रेघ ही तुमचीच तंगूस आहे, बुडाच्या वेढ्याची. दोन्ही टोकं एकाच खिळ्याला नेली म्हणून बुडाकडून वर जाणारी तंगूस बाटलीच्या मागच्या काचेला टेकून वर गेली. तेलानं भरलेली गोल बाटली भिंगाचं काम करते. मागच्या काचेला चिकटलेली वस्तू समोरून पाहिली तर रुंदीत जवळजवळ तिप्पट दिसते, उंचीत मात्र तेवढीच. म्हणून रेघ जाड दिसते. ती बाटलीच्या मधल्या रेषेपासून जितकी दूर असेल त्याच्याही तिप्पट दूर सरकून दिसते, म्हणून जास्त तिरकी भासते आणि बाहेरच्या तंगुशीला जुळत नाही. तीच तंगूस बाटलीच्या बरीच मागून गेली असती तर रेघ चक्क विरुद्ध बाजूला दिसली असती.

ही रेघ खोडून नीट निघणार नाही. तेलाचा रंग काचेच्या कडेकडं गडद होत जातो आणि मध्ये उजळतो. हीलिंग ब्रश शेजारचा रंग ओढून आणतो आणि इथं शेजारी शेजारी दोन ठिकाणी एक रंग नाही. एवढ्या भागासाठी बाटली पुन्हा टांगावी लागेल.

एका क्लिकवाल्या भाऊंचा उपाय पत्र्याच्या डब्याला चालतो. काचेच्या बाटलीत मागची कार्डशीट तेलातून आरपार दिसते, ती कापून निघत नाही. नवा रंग थोडा जरी वेगळा असला तरी बाटलीच्या आत जुना पिवळा आणि बाहेर नवा, हे लगेच कळतं. शिवाय तेलातली रेघ आणि मानेवरची गाठ बाटलीसोबतच राहतात.

घाणा_उदगीर

ताई, भिंगाचं डोक्यात बसलं. बाटली पुन्हा टांगायला हरकत नाही. पण तिरकी ठेवायची तर बुडाला वेढा लागणारच ना? आणि पुन्हा टांगताना मागच्या कार्डशीटवरचा पट्टा टाळायला आधीच काय करून ठेवावं?

मांजराकाठ

बुडाचा वेढा लागत नाही, सांगते.

बाटलीला फक्त मानेवर वेढा द्या आणि त्यातून दोन तंगुशी वर न्या, दांडीवर दीड-दोन फूट अंतरावर, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या. एकाच तंगुशीवर बाटली स्वतःभोवती फिरत राहते, दोनांवर फिरत नाही. बाटली सरळ उभी लटकेल, लटकू द्या. तिरका करायचा तो कॅमेरा. ट्रायपॉडवर कॅमेरा वीसेक अंश वळवा, म्हणजे फोटोत बाटली तिरकी येते आणि तिच्या मागून काहीच जात नाही. मागे साधी कार्डशीट आहे, जमीन किंवा टेबलाची कड नाही, त्यामुळे तिरकेपणा बाटलीचा आहे की कॅमेऱ्याचा हे कोणाला कळायचं कारण नाही. एकच गोष्ट चुगली करते, ती म्हणजे तेलाची पातळी. ती जमिनीला समांतर राहते आणि कॅमेरा वळवला की बाटलीला काटकोनात दिसते, जणू बाटली तिरकी झाली आणि आतलं तेल हललंच नाही. म्हणून फोटोच्या बाटलीत तेल अगदी झाकणाच्या आतपर्यंत भरा, पातळी दिसायलाच नको.

आता कार्डशीटचा पट्टा. बाटलीसकट फोटो काढायचा आणि लगेच बाटली, तंगूस, सगळं उतरवून त्याच चौकटीत नुसत्या कार्डशीटचा फोटो काढायचा. आम्ही त्याला क्लीन प्लेट म्हणतो. फोकस मॅन्युअलवर टाकलेला असला पाहिजे. नाहीतर बाटली गेल्यावर कॅमेरा कार्डशीटवर फोकस शोधतो आणि त्यात चौकटही थोडी लहानमोठी होते. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्सही मॅन्युअल. बटण हातानं दाबू नका, दोन सेकंदांचा टायमर लावा.

फोटोशॉपमध्ये खाली क्लीन प्लेट, वर बाटलीचा फोटो. वरच्या लेयरला मास्क द्या आणि तंगुशीवरून काळा ब्रश फिरवा, खालची खरी कार्डशीट वर येते. तंगूस ताणलेली म्हणजे सरळ असते, म्हणून एका टोकाला क्लिक करा, `Shift` दाबून दुसऱ्या टोकाला क्लिक करा, मधली रेषा आपोआप भरते. ब्रश किती जाड हवा ते असं काढा: तुमचा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा असेल तर उभ्या फोटोत ६००० पिक्सेल उंची मिळते. चौकटीत ६० सेंटिमीटर उंची मावत असेल तर एक मिलिमीटर म्हणजे १० पिक्सेल. ०.२५ ची तंगूस दोन-तीन पिक्सेल, तिची चमक धरून पाच. दहाचा ब्रश भरपूर झाला.

हे जाड करू नका असं मुद्दाम सांगते. बाटलीतून जाणारा उजेड कार्डशीटवर हलकी सोनेरी झाक टाकतो. बाटली काढली की ती झाक क्लीन प्लेटमध्ये नसते. पन्नास पिक्सेलचा ब्रश फिरवलात तर झाकेच्या मधून फिका पट्टा निघतो, म्हणजे आत्ता आहे तोच त्रास दुसऱ्या वाटेनं परत. दहाच पिक्सेल बदलले तर डोळ्याला फरक लागत नाही. कार्डशीट बाटलीपासून चार-पाच फूट मागे नेली तर झाकही फिकी पडते आणि तंगुशीची सावलीही कार्डशीटवर उमटत नाही.

जालना_लाईट

ताईंचं सगळं बरोबर, फक्त आपल्याकडच्या विजेचं जोडतो. आमच्या भागात संध्याकाळी व्होल्टेज खाली-वर होतं. बाटलीचा फोटो आणि क्लीन प्लेट यांच्यामध्ये मोटारी सुरू झाल्या तर साधे बल्ब मंद होतात आणि दोन फोटोंचा उजेड जुळत नाही. मग क्लीन प्लेटवर लेव्हल्स लावून मधला बाण सरकवत जुळवावं लागतं. स्वस्तातल्या एलईडी पॅनेलचा आणखी एक घोळ आहे, ते विजेच्या ५० हर्ट्झबरोबर लुकलुकतात. शटर जास्त वेगाचं ठेवलं तर फोटोत आडवे पट्टे येतात आणि प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी. १/५० किंवा १/२५ ठेवा, पट्टे बहुतेक जातात.

पण एवढ्या सावकाश शटरवर बाटली हलता कामा नये. पंखा बंद. मे महिन्यात नको वाटतं, पण पंख्याच्या वाऱ्यावर बाटली डुलत राहते.

गळवाला_पैठण

नायलॉन वजनाखाली हळूहळू लांबतं हेही लक्षात ठेवा. टांगल्यावर लगेच फोटो काढायला लागलात तर बाटली फोटोगणिक किंचित खाली उतरलेली दिसेल. अर्धा तास लटकू द्या, मग हात घाला. ताई, हवेतल्या अपवर्तनांकाचं मला माहीत नव्हतं. मग कॅमेऱ्यासाठी तंगूस कोणती बरी? आमच्याकडं मॅट हिरवीही मिळते.

मांजराकाठ

लांबायचं तुम्ही छान सांगितलंत. चमक नसलेली आणि मागच्या रंगाच्या जवळची कोणतीही चालेल. पिवळ्या कार्डशीटवर हिरवी नको, कारण ती काचेच्या खांद्यात हिरवी रेघ होऊन दिसेल. मी पारदर्शक घेते आणि वरचा दिवा थोडा पुढे ओढते, म्हणजे तंगुशीवर पांढरी चमक कमी येते.

बीड_बायपास

माझा प्रश्न जरा वेगळा आहे. आमच्या जुन्या वाड्याच्या फोटोत समोरून विजेच्या तारा गेल्यात, त्यासुद्धा अशाच निघतील का? क्लीन प्लेट काढायला तारा खाली उतरवता येत नाहीत.

मांजराकाठ

नाही निघणार. तिथं तारेमागं काय होतं हे सांगणारा दुसरा फोटोच नाही. कॅमेरा दोन फूट वर किंवा खाली नेऊन दुसरा फोटो काढलात तर जवळची तार वाड्यावर जरा सरकलेली येते आणि तिच्यामागची भिंत मोकळी होते, तेवढा भाग त्यातून घेता येतो. पण वाड्याची कोनाडे-खांबांची खोलीही थोडी बदलते, जुळवायला वेळ लागतो. त्याचा वेगळा धागा काढा, तिथं फोटो टाका, बघू.

घाणा_उदगीर

ताई, नवा फोटो काढेन. पण जुन्या फोटोतली लेबलची चमक आणि दिव्याचं प्रतिबिंब फार छान आलंय, ते पुन्हा येईल का माहीत नाही. क्लीन प्लेट नाही. कार्डशीटवरची तंगूस त्याच फोटोत नीट काढता येईल का?

एकाच_क्लिकचा

क्लोन स्टॅम्प मारा ना. शेजारचा रंग उचलायचा आणि लावायचा.

मांजराकाठ

क्लोन स्टॅम्पनं पायऱ्या पडतील. कार्डशीटचा उजेड वरून खाली आणि मधून बाजूला हळूहळू बदलत असतो. क्लोन शेजारचा उजेड जसाच्या तसा आणून ठेवतो, म्हणून जोड दिसतो. मोकळ्या कार्डशीटवर हीलिंग ब्रशच बरा. तो शेजारचा पोत घेतो पण उजेड जागेवरचा जुळवतो.

दादा, तुम्हाला पट्टा दिसतो त्याची दोन कारणं असू शकतात. एक, ब्रश फार जाड घेतलात. दुसरं, फोटो ८ बिटमध्ये आहे आणि हीलिंगनं त्या पट्ट्यातला कॅमेऱ्याचा बारीक कण पुसला. आजूबाजूला दाणेदार आणि मध्ये गुळगुळीत, म्हणून पट्टा. कच्ची रॉ फाइल असेल तर ती पुन्हा उघडा, उघडताना कॅमेरा रॉच्या खिडकीतच `16 Bits/Channel` निवडा आणि दहाच्या ब्रशनं, `Shift` धरून, नव्या लेयरवर काढा, फक्त ब्रशचं `Sample` सगळ्या लेयरवर ठेवा. झाल्यावर गुळगुळीत वाटलं तर त्याच लेयरवर `Filter > Noise > Add Noise` मधून १ टक्क्याच्या आसपास, `Monochromatic` वर टिक करून.

खांद्याजवळ कड फासते ती अशी थांबवा: पेन टूलनं काचेच्या कडेवरून नेमका पाथ काढा आणि कार्डशीटच्या बाजूचं सिलेक्शन करा, तंगुशीच्या दोन्ही बाजूंनी ऐसपैस. मग हीलिंग ब्रश फिरवलात तर तो सिलेक्शनबाहेरच्या काचेचा रंग आत ओढत नाही. अगदी कडेचे दोन-चार पिक्सेल उरतात, तेवढ्यांसाठी मात्र क्लोन स्टॅम्प, ब्रशची कड टणक ठेवून. एवढ्या छोट्या जागेत उजेड बदलत नाही, पायरी पडत नाही.

मग तपासायचं कसं, तर सगळ्यांत वर एक कर्व्हज लेयर घाला आणि त्याची रेषा नागमोडी करा, दोन-तीन वेळा वर-खाली. फोटो भयंकर दिसेल, पण पुसट पट्टे, क्लोनचे गोल डाग, राहिलेली तंगूस, सगळं ठळक उठून येतं. ते बघत दुरुस्त करा आणि शेवटी तो लेयर काढून टाका. तुमच्या लॅपटॉपवर न दिसणारा पट्टा छापखान्यात दिसू शकतो, म्हणून हे मी प्रत्येक फोटोला करते.

घाणा_उदगीर

केलं. नागमोडी कर्व्हजमध्ये पट्टा दिसायलाच, पण अगदी वरच्या कोपऱ्यात, जिथं लक्षच नव्हतं. बाकी कार्डशीट साफ झाली. खांद्याची कडही पाथ काढून केल्यावर सुबक आली.

आता मानेवरची गाठ राहिली. झाकणाच्या खालच्या कड्यावर तंगुशीचे दोन वेढे आणि गाठ आहे, वेढ्यांमुळे कड्याची चमक तुटलीय.

मांजराकाठ

ती खोडू नका, बदला. तीच बाटली त्याच दिव्यांखाली, तंगुशीशिवाय, टेबलावर उभी करा. माझ्या सांगण्याप्रमाणे नव्यानं टांगणार असाल तर बाटली तशीही सरळच लटकते. ती उतरवण्याआधी टेबल असं सरकवा की बुड नुसतं टेकेल, मग तंगूस कापून काढा. बाटली जागेवर उभी, कॅमेरा तोच, दिवे तेच. मानेचा फोटो घ्या आणि फक्त कड्याएवढा भाग मास्कनं वर आणा. टेबल मात्र कार्डशीटच्या रंगाच्या कागदानं झाका, नाहीतर काचेच्या तळात टेबलाचं प्रतिबिंब येतं. ते मानेपर्यंत पोचत नाही, तरी झाकलेलं बरं.

जुन्या फोटोतल्या तिरक्या बाटलीसाठी मानेचा फोटो घेऊन तो फिरवून बसवता येईल. पण चमकेची दिशा नक्की जुळेल असं मी सांगू शकत नाही. चकचकीत झाकणावर दिवा एक इंच हलला तरी कळतं.

जालना_लाईट

तेल काठोकाठ भरायचं मला थोडं पटलेलं नाही. गिऱ्हाईकाला घरी जी बाटली येते तिच्यात वर मोकळी जागा असतेच. मी असतो तर पातळी दिसू दिली असती आणि बाटली खरोखर तिरकी टांगली असती. तेल तिरक्या बाटलीत सपाट राहिलेलं दिसणं हेच खरं वाटतं.

मांजराकाठ

खरी तिरकी टांगायची तर बुडाच्या तंगुशीचं वरचं टोक वेगळ्या खिळ्याला, बाटलीच्या बाहेरच्या बाजूला लांब न्या, म्हणजे ती काचेमागून जाणार नाही. तेही होतं. मला काठोकाठच बरी वाटते, कारण पातळीच्या वरच्या रिकाम्या काचेत मागचं सगळं दिसतं आणि तिथं खोडायला आणखी काम लागतं. ग्राहकाला काय दाखवायचं हे घाणावाल्यांनी ठरवावं.

हिमरू_आजी

संभाजीनगरला आमचं हिमरूचं घरगुती काम आहे. शाल हवेत उडतेय असा फोटो काढलाय, चार कोपऱ्यांना तंगूस आणि मधे एक घडीला. कोपऱ्यांच्या निघाल्या. मधली तंगूस शालीच्या बुट्टीवरून गेलीय आणि हीलिंगनं बुट्टीची वीण चिखल झालीय. क्लीन प्लेट आहे पण ती नुसत्या भिंतीची.

मांजराकाठ

आजी, कापडावर क्लीन प्लेटचा उपयोग नाही आणि हीलिंगचाही नाही, तो वीण मिसळून टाकतो. हिमरूची बुट्टी ठरावीक अंतरानं परत येते, त्याचा फायदा घ्या. क्लोन स्टॅम्प घ्या आणि `Alt` दाबून शेजारच्या बुट्टीतल्या नेमक्या त्याच धाग्यावर क्लिक करा, मग तंगुशीखालच्या बुट्टीतल्या त्याच जागी लावा. पहिला ठिपका बरोबर बसला की पुढचं सगळं आपोआप जुळतं, `Aligned` वर टिक असू द्या. बुट्टी तिरकी झाली असेल तर क्लोन सोर्सच्या खिडकीतून स्रोत तेवढा फिरवता येतो.

हिमरू_आजी

सपाट भागात जमलं गं, ओळखू येत नाही. पण घडी जिथं वळते तिथं बुट्टी दबलेली आहे आणि तशी दबलेली दुसरी बुट्टी शालीत कुठंच नाही.

मांजराकाठ

तिथं मलाही सोपा मार्ग माहीत नाही. शाल अजून टांगलेली असेल तर मधली तंगूस दोन बोटं बाजूच्या बुट्टीवर सरकवून आणखी एक फोटो घ्या आणि दोन्ही फोटो एकावर एक ठेवून बघा. घडी थोडी हलेल, किती हलते त्यावर आहे सगळं.

जालना_लाईट

आजी, घडीला तंगुशीऐवजी मागून तारेचा आकडा लावून बघा. कडक तार घडीच्या आत दडली तर समोरून काही खोडायलाच राहत नाही. पण हिमरू फार जड असेल तर तारेनं घडीला टोक येईल.

हिमरू_आजी

शाल अजून टांगलेलीच आहे. उद्या सकाळच्या उजेडात दोन्ही करते आणि फोटो इथं टाकते.